गाडी कोणाची? रशियन ‘उ’ आणि ‘स्वोय’चा एक उलटा अनुवाद

रशियन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना मी अधूनमधून उलटा अनुवाद करायला देते. एक विद्यार्थी रशियन उतारा मराठीत आणतो. दुसऱ्याने मूळ पाहिलेलं नसतं, तो ते मराठी पुन्हा रशियनमध्ये नेतो. मग मूळ आणि परत आलेलं रशियन शेजारी ठेवून वाचायचं. इथे मांडलेलं प्रकरण अशाच एका उताऱ्याचं आहे. परत आलेल्या मजकुरात व्याकरणाच्या चुका फार थोड्या होत्या आणि गोष्टही सुसंगत होती, फक्त ती वेगळीच गोष्ट होती. ती जिथे जिथे वळली, त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मुळात एक तर ‘च्या पाशी’ अशा अर्थाचं ‘उ’ हे शब्दयोगी होतं किंवा ‘आपला, स्वतःचा’ अशा अर्थाचं ‘स्वोय’ हे सर्वनाम.

उतारा मी वर्गासाठीच लिहिला होता. रशियन शब्द देवनागरीत देताना मी उच्चारापेक्षा स्पेलिंगच्या जवळ राहिले आहे, म्हणजे एका शब्दाची वेगवेगळी रूपं ओळखू येतील.

> उ आन्नी येस्त ब्रात इवान. उ न्येवो व तूले स्वोया क्वार्तीरा, नो झिमोय ओन झिव्योत उ त्योती. उ त्योती स्लाबोये स्येर्त्से. क्ल्यूच ओत क्वार्तीरी उ आन्नी. व सुब्बोतु इवान व्झ्याल उ सोस्येदा माशिनू, आ स्वोयू ओस्ताविल वो द्वोर्ये. आन्ना स्काझाला त्योते, श्तो इवान राझबील येवो माशिनू. ‘स्लावा बोगू, न्ये स्वोयू,’ ओत्व्येतिला त्योत्या. उ सोस्येदा त्येप्येर न्येत माशिनी.

पहिल्या विद्यार्थ्याने केलेलं मराठी असं:

> आन्नाला एक भाऊ आहे, इवान. त्याचा फ्लॅट तूलामध्ये आहे, पण हिवाळ्यात तो मावशीकडे राहतो. मावशीला अशक्त हृदय आहे. आन्नाकडे फ्लॅटची किल्ली आहे. शनिवारी इवानने शेजाऱ्याकडून गाडी घेतली आणि आपली आवारात ठेवली. आन्नाने मावशीला सांगितलं की इवानने त्याची गाडी ठोकली. ‘देवाची कृपा, आपली नाही,’ मावशी म्हणाली. शेजाऱ्याकडे आता गाडी नाही.

वरवर वाचलं तर यात खटकण्यासारखं फारसं काही नाही. ‘त्योत्या’ म्हणजे मावशी की आत्या हे रशियन सांगत नाही. त्याने मावशी निवडली, तेही ठीक. पण हे मराठी दुसऱ्या विद्यार्थिनीने रशियनमध्ये नेलं तेव्हा इवानने शेजाऱ्याकडून गाडी विकत घेतली होती (कुपील माशिनू ओत सोस्येदा), स्वतःचीच गाडी ठोकली होती (राझबील स्वोयू माशिनू), ती ‘आमची’ नव्हती म्हणून मावशीने देवाचे आभार मानले होते (न्ये नाशू), आणि शेजाऱ्याकडे गाडी नव्हती कारण त्याने ती विकून टाकली होती. मुळात इवान शेजाऱ्याची गाडी मागून नेतो आणि तिचा चुराडा करतो, म्हणून शेजारी गाडीविना राहतो. ज्या वाक्याच्या मराठीत काहीही बिघडलं नव्हतं त्या शेवटच्या वाक्याचं कारणसुद्धा बदललं.

सुरुवात ‘उ’पासून करते. हे शब्दयोगी रशियनमध्ये नामाच्या आधी येतं आणि नाम षष्ठीत जातं. आन्नाचं ‘आन्नी’ होतं, सोस्येदचं ‘सोस्येदा’. ‘तो’ या अर्थाच्या सर्वनामाला आधी ‘न’ जोडला जातो, म्हणून ‘उ येवो’ नव्हे, ‘उ न्येवो’. मूळ अर्थ ‘च्या पाशी’. रशियनमध्ये मालकी सांगायला ‘बाळगणे’सारखं रोजच्या वापराचं क्रियापद नाही. ‘इम्येत’ आहे, पण ते मुख्यतः ‘हक्क असणे’, ‘महत्त्व असणे’ अशा अमूर्त गोष्टींसाठी आणि ठरलेल्या वाक्प्रचारांत येतं. बाकी सगळं ‘अमक्यापाशी तमुक आहे’ असं सांगायचं. मराठीतही तसंच आहे, त्यामुळे आपल्याला हे सोपं जायला हवं.

ते जात नाही याचं एक कारण मला पाठ्यपुस्तकांत दिसतं. आपल्याकडे रशियन बहुधा इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकांतून शिकतात. ‘उ म्येन्या येस्त क्निगा’ समोर इंग्रजीतलं मालकीचं क्रियापद छापलेलं असतं आणि विद्यार्थी त्याचं मनात ‘माझ्याकडे आहे’ करतो. मग ‘उ’ म्हणजे ‘कडे’ अशी गाठ पक्की बसते. प्रत्यक्षात रशियन एका ‘उ’मध्ये जे ठेवतं ते मराठी चार-पाच ठिकाणी वाटून देतं. नातं असेल तर ‘ला’: आन्नाला भाऊ आहे. हाती असलेली वस्तू असेल तर ‘कडे’ किंवा ‘जवळ’. आजार असेल तर पुन्हा ‘ला’: मला ताप आहे. गुण किंवा शरीराचा भाग असेल तर ‘चा’: तिचा आवाज गोड आहे. निर्जीव वस्तूच्या भागांनाही ‘ला’ लागतो, जसं टेबलाला चार पाय असतात. भावाच्या बाबतीत मराठी कानाने विद्यार्थ्याला सावरलं. ‘आन्नाकडे भाऊ आहे’ असं कोणी लिहीत नाही. हृदयापाशी मात्र तो अडला.

‘उ त्योती स्लाबोये स्येर्त्से’ या वाक्यात ‘येस्त’, म्हणजे ‘आहे’, हा शब्द नाही, आणि तो विसरल्यामुळे गळलेला नाही. एखादी गोष्ट आहे की नाही हाच प्रश्न असेल तेव्हा रशियन ‘येस्त’ घालतं. आन्नाला भाऊ आहे ही नवी माहिती आहे, म्हणून पहिल्या वाक्यात ते आलं. हृदय सगळ्यांनाच असतं, ते असण्याची बातमी होत नाही. बातमी त्याच्या अशक्तपणाची आहे. म्हणून ‘येस्त’ जातं आणि जोर विशेषणावर येतो. ‘मावशीला अशक्त हृदय आहे’ या मराठीत जोर ‘आहे’कडे सरकतो, आणि दुसऱ्या विद्यार्थिनीने तो इमानाने रशियनमध्ये नेला: ‘उ त्योती येस्त स्लाबोये स्येर्त्से’. असं वाक्य रशियन माणूस म्हणणार नाही. मराठीत ‘मावशीचं हृदय अशक्त आहे’ म्हटलं की विशेषण आपोआप विधेयात जातं आणि मूळचा तोल राहतो. मी विद्यार्थ्यांना एवढंच विचारायला सांगते की ‘येस्त’ नसलेल्या वाक्यात नवीन शब्द कोणता आहे. तो मराठी वाक्यात ‘आहे’च्या अगदी आधी बसला पाहिजे.

किल्लीचं वाक्यही याच कसोटीवर उलगडतं. ‘क्ल्यूच ओत क्वार्तीरी उ आन्नी’. इथे किल्ली आधी आली आहे, म्हणजे फ्लॅटला किल्ली आहे हे वाचक धरूनच चालतो. ती कोणापाशी आहे हे त्याला कळायचं आहे. विद्यार्थ्याने शब्दक्रम उलटवला, ‘आन्नाकडे फ्लॅटची किल्ली आहे’ असं लिहिलं, आणि परत येताना ते ‘उ आन्नी येस्त क्ल्यूच’ झालं, म्हणजे आन्नाच्या मालकीची एक किल्ली आहे अशी बातमी. मराठीचा शब्दक्रम हे काम रशियनइतकंच नेमकं करू शकतो. ‘फ्लॅटची किल्ली आन्नाकडे आहे’ एवढंच पुरे होतं.

आता शेजाऱ्याकडे वळू. ‘व्झ्याल उ सोस्येदा माशिनू’ म्हणजे शेजाऱ्यापासून गाडी घेतली. रशियनमध्ये ‘उ’ राहण्याच्या ठिकाणासाठी येतं (झिव्योत उ त्योती, मावशीकडे राहतो), मालकीसाठी येतं, आणि ज्याच्यापासून काही घेतलं, मागितलं, विकत घेतलं किंवा चोरलं त्याच्यासाठीही तेच येतं. मराठी इथे ‘कडे’ आणि ‘कडून’ असा भेद करतं. म्हणून ‘कडून’ परत नेताना मराठी विद्यार्थी ‘पासून’चा अर्थ असलेलं ‘ओत’ शोधतात. ‘ओत सोस्येदा’ ही तशी चूक, आणि ती वारंवार दिसते. ‘ओत’ पत्र, निरोप, भेटवस्तू यांच्यासाठी ठीक आहे, म्हणजे कोणाकडून काही आपल्यापर्यंत पोचलं तर. मी स्वतः जाऊन घेतलं तर ‘उ’.

पण गोष्ट बिघडवली ती या चुकीने नाही. मराठीत ‘गाडी घेतली’ म्हटलं की ऐकणारा विकतच घेतली असं समजतो. ‘कडून’ त्या समजुतीला आणखी बळ देतो. ‘व्झ्याल’मध्ये खरेदीचा अर्थ नाही, पुढच्या वाक्यांत गाडी शेजाऱ्याचीच धरलेली आहे. मराठीत ‘मागून नेली’ असं स्पष्ट म्हणायला हवं होतं. एका क्रियापदाने गाडीची मालकी बदलली, आणि मग पुढच्या वाक्यातल्या सर्वनामाला सावरायला कुणीच उरलं नाही.

ते सर्वनाम म्हणजे ‘येवो’. रशियनमध्ये ‘त्याचा’ सांगायला दोन मार्ग आहेत. वस्तू त्याच वाक्यांशाच्या कर्त्याची असेल तर ‘स्वोय’, दुसऱ्या कोणाची असेल तर ‘येवो’. तृतीय पुरुषात ही निवड ऐच्छिक नाही. ‘इवान राझबील स्वोयू माशिनू’ म्हणजे इवानने स्वतःची गाडी ठोकली. ‘इवान राझबील येवो माशिनू’ म्हणजे इवानने दुसऱ्या कुणा पुरुषाची गाडी ठोकली, आणि आधी दुसरा पुरुष एकच आला आहे, शेजारी. रशियन वाचकाला इथे क्षणभरही थांबावं लागत नाही. ‘स्वोय’ विशेषणासारखं चालतं, ज्या वस्तूचं असेल तिचं लिंग, वचन, विभक्ती घेतं: स्वोय, स्वोया, स्वोयो, स्वोयी, आणि द्वितीयेत स्त्रीलिंगी ‘स्वोयू’. ‘येवो’ मात्र कधीच बदलत नाही.

मराठीतही ‘आपला’ आणि ‘त्याचा’ अशी जोडी आहे. पण बोलताना आपण ‘त्यानं त्याची गाडी विकली’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा गाडी त्याचीच असते. म्हणून ‘इवानने त्याची गाडी ठोकली’ वाचताच दुसऱ्या विद्यार्थिनीने ‘स्वोयू’ लिहिलं, आणि त्या मराठीवरून तिचं बरोबरच होतं. मूळ वाक्यातली माहिती मराठी सर्वनामात मावत नव्हती. अशा वेळी मी सर्वनाम सोडून नाम घ्यायला सांगते: ‘इवानने शेजाऱ्याची गाडी ठोकली’. रशियनमधल्या ‘येवो’चं हे मराठी भाषांतर लांबलं तरी खरं आहे.

मावशीचं उत्तर सर्वांत नाजूक. ‘न्ये स्वोयू’ या दोन शब्दांत क्रियापद नाही, पण ते मागच्या वाक्यातून उधार घेतलेलं आहे: (इवानने ठोकली) स्वतःची नव्हे. कर्ता इवान, म्हणून ‘स्वोयू’ म्हणजे इवानची. विद्यार्थ्याने ‘आपली’ लिहिलं, आणि व्याकरणाच्या पुस्तकाप्रमाणे ते ‘स्वोय’चं पहिलं भाषांतर आहेच. अडचण अशी की मराठीत ‘आपला’ तीन कामं करतो. तो कर्त्याचा स्वतःचा असतो, तो ‘तुमची-आमची, सगळ्यांची मिळून’ अशा अर्थाचा असतो, आणि आदरार्थी ‘तुमचा’ही असतो. मावशीच्या तोंडी, घरातल्या घरात, ‘आपली नाही’ म्हटलं की दुसरा अर्थ पुढे येतो: आपल्या कुटुंबाची नाही. म्हणून ‘न्ये नाशू’ परत आलं. ‘स्वोय’ला हा अर्थ या जागी नाही. इथे ‘स्वतःची’ लागेल, आणि क्रियापद पुन्हा आणलं तर आणखी बरं: ‘नशीब, स्वतःची नाही ठोकली.’

‘की’च्या वाक्यात मराठी आणखी एक मोकळीक घेतं, आणि ती उलट दिशेला नडते. भाषाशास्त्रज्ञ काशी वाली यांनी मराठीतल्या ‘आपण’ आणि ‘स्वतः’चा जो अभ्यास केला, त्यात हा फरक केंद्रस्थानी आहे: ‘स्वतः’ जवळच्या कर्त्याला धरतो, ‘आपण’ लांबच्या कर्त्यापर्यंत पोचतो. ‘आन्ना म्हणाली की आपला भाऊ तूलाला गेला’ यात ‘आपला’ आन्नाचा असू शकतो, जरी ती मुख्य वाक्यात आहे आणि भाऊ आतल्या. त्यावरून विद्यार्थी लिहितात ‘आन्ना स्काझाला, श्तो स्वोय ब्रात उयेखाल’, आणि रशियन कानाला ते मुळीच चालत नाही. ‘श्तो’, म्हणजे ‘की’, ही सीमा आहे. ‘स्वोय’ तिच्या पलीकडे पाहत नाही, आतला कर्ता स्वतः ‘भाऊ’ असल्याने धरायला दुसरा कोणी नाही. इथे ‘येयो ब्रात’ म्हणजे ‘तिचा भाऊ’ हेच एक रूप आहे, मग ‘ती’ आन्ना की आणखी कोणी हे संदर्भाने ठरतं.

वरच्या उदाहरणात ‘स्वोय’ प्रथमेत, कर्त्याच्या जागी आला होता, आणि तेही चुकीचं आहे. ‘त्याला आपलं काम आवडतं’ हे चांगलं मराठी आहे. त्याचं शब्दशः ‘येमू न्रावित्स्या स्वोया राबोता’ केलं तर ते बिघडतं, कारण रशियनच्या दृष्टीने ‘काम’ हाच कर्ता, आणि कर्त्याला त्याच वाक्यातल्या चतुर्थीच्या माणसाशी ‘स्वोय’ने बांधत नाहीत. ‘येवो राबोता’ म्हणावं, किंवा क्रियापद बदलून माणसाला कर्ता करावं: ‘ओन ल्यूबित स्वोयू राबोतू’.

मग उताऱ्याच्या दुसऱ्या वाक्यात ‘उ न्येवो व तूले स्वोया क्वार्तीरा’ कसं चाललं? तिथेही ‘क्वार्तीरा’ प्रथमेतच आहे. मला या साऱ्या उताऱ्यातलं हे सर्वांत मौल्यवान वाक्य वाटतं, कारण दोन्ही रचना इथे एकत्र येतात. ‘उ’ने बांधलेला माणूस व्याकरणाने कर्ता नसला तरी मालक म्हणून वाक्याच्या माथ्यावर बसतो, आणि ‘स्वोय’ त्याला धरतो. पण तेव्हा ‘स्वोय’चा अर्थ थोडा घट्ट होतो: नुसता ‘त्याचा’ नाही, तर ‘हक्काचा, स्वतःच्या मालकीचा, भाड्याचा किंवा कुणाकडचा नव्हे’. ‘उ काझ्दोगो स्वोय व्कूस’, म्हणजे ज्याची त्याची आवड वेगळी, यातही तेच. विद्यार्थ्याने ‘त्याचा फ्लॅट तूलामध्ये आहे’ लिहून हा अर्थ घालवला. ‘त्याचा’मध्ये ‘स्वोय’ आलंच असं त्याला वाटलं असावं. परिणाम असा की वाक्य फ्लॅट कुठे आहे हे सांगू लागलं, आणि परत येताना ‘येवो क्वार्तीरा व तूले’ झालं. मूळ वाक्यात बातमी ही आहे की घर स्वतःचं असूनही तो हिवाळ्यात मावशीकडे जातो. मधला ‘नो’, म्हणजे ‘पण’, त्याशिवाय लटकतो. ‘तूला शहरात त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे, पण…’ म्हटलं की तो जागेवर येतो.

शेवटच्या वाक्यातल्या चुकीला फार वेळ लागणार नाही. नकारात ‘न्येत’च्या पुढची वस्तू षष्ठीत जाते: ‘न्येत माशिनी’. विद्यार्थिनीने ‘न्येत माशिना’ लिहिलं, कारण मराठीत ‘गाडी आहे’ आणि ‘गाडी नाही’ यांत ‘गाडी’ तशीच राहते. भूतकाळात हेच जास्त फसवतं. ‘गाडी नव्हती’ मधलं क्रियापद गाडीच्या लिंगाने चालतं, तर रशियन ‘न्ये बीलो माशिनी’ मध्ये ते नेहमी नपुंसकलिंगी एकवचनी असतं, कारण कर्ताच उरलेला नसतो.

सुधारलेला मजकूर असा ठरला:

> आन्नाला इवान नावाचा भाऊ आहे. तूला शहरात त्याचा स्वतःचा फ्लॅट आहे, पण हिवाळ्यात तो मावशीकडे राहतो. मावशीचं हृदय अशक्त आहे. फ्लॅटची किल्ली आन्नाकडे आहे. शनिवारी इवानने शेजाऱ्याची गाडी मागून नेली आणि स्वतःची आवारात ठेवली. आन्नाने मावशीला सांगितलं की इवानने शेजाऱ्याची गाडी ठोकली. ‘नशीब, स्वतःची नाही ठोकली,’ मावशी म्हणाली. शेजाऱ्याकडे आता गाडी नाही.

या उताऱ्यात न आलेली, पण याच वर्गात निघालेली एक गोष्ट प्रथम पुरुषाची. ‘मी माझं पुस्तक घेतलं’ हेच सहज मराठी. ‘मी आपलं पुस्तक घेतलं’ म्हटलं तर पुस्तक सामाईक वाटतं. रशियन मात्र ‘मी’ आणि ‘तू’ कर्ते असतानाही ‘स्वोय’कडे झुकतं: ‘या व्झ्याल स्वोयू क्निगू’. ‘मोयू क्निगू’ चुकीचं नाही, पण त्यात ‘माझंच, तुझं नव्हे’ असा जोर ऐकू येऊ शकतो. मराठी विद्यार्थी तृतीय पुरुषात ‘स्वोय’ जास्त वापरतात आणि प्रथम-द्वितीय पुरुषात कमी, हे मी पुन्हा पुन्हा पाहते. रशियनमधून मराठीत येताना ‘या’, म्हणजे ‘मी’, कर्ता असेल तर ‘स्वोय’चं बेधडक ‘माझा’ करावं. आणि नात्याच्या किंवा शरीराच्या शब्दाला रशियनने सर्वनामच लावलं नसेल, जसं ‘ओन पोझ्वोनील मातेरी’, तर मराठीतही ‘त्याने आईला फोन केला’ एवढंच ठेवावं.

‘स्वोय’ नेहमीच संदिग्धता मिटवतं असंही नाही. ‘आन्ना पोप्रोसिला इवाना उब्रात स्वोयू कोम्नातू’, म्हणजे आन्नाने इवानला खोली आवरायला सांगितली. कोणाची? पोप्रोसिलाचा कर्ता आन्ना, पण आवरायचं काम इवानचं, म्हणून ‘स्वोयू’ दोघांपैकी कुणालाही धरू शकतं. रशियन वाचकही इथे संदर्भ शोधतो. मराठीत ‘आन्नाने इवानला आपली खोली आवरायला सांगितली’ हे तितकंच दुहेरी आहे. संदर्भ खरोखर काहीच सांगत नसेल तर इथे ‘आपली’च ठेवावी. ‘स्वतःची’ लिहिलं की मराठी वाचक इवानच्या खोलीकडे झुकतो, आणि ‘तिची’ लिहिलं की आन्नाच्या. मूळ लेखकाने न घेतलेला निर्णय दोन्हीकडे अनुवादकाने घेतलेला असतो.